इश्यू स्लॉटचं चित्र काय दाखवतं आणि काय झाकतं

संगणक रचनेचं कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या आणि मल्टिथ्रेडिंगचं प्रकरण उघडा. एक चित्र हमखास समोर येतं. हेनेसी आणि पॅटरसन यांच्या पुस्तकात ते आहे, आणि तिथून ते शेकडो वर्गांच्या स्लाइडवर पोचलं आहे. शेजारी शेजारी चार उभे पट्टे असतात: साधा सुपरस्केलर, कोर्स-ग्रेन्ड, फाइन-ग्रेन्ड आणि शेवटी सायमल्टेनियस, म्हणजे एसएमटी. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक सायकल आणि ओळीतला प्रत्येक चौकोन म्हणजे एक इश्यू स्लॉट. रंगीत चौकोन भरलेला, पांढरा वाया गेलेला. डावीकडून उजवीकडे जाताना पांढरे चौकोन कमी होत जातात.

हे चित्र बघून बहुतेक विद्यार्थी एकच गोष्ट मनात साठवतात: कोर्स-ग्रेन्ड बरं, फाइन-ग्रेन्ड त्याहून बरं, एसएमटी सगळ्यात उत्तम. परीक्षेपुरतं हे चालून जातं. संशोधनात मात्र याच समजुतीवर तुम्ही तुलनेसाठी चुकीचा पाया निवडता, आणि प्रयोगाचे आकडे उलटे आले की सिम्युलेटरमध्ये बग शोधत बसता. या चित्रातला एकही चौकोन चुकीचा नाही, पण चित्र फक्त इश्यू स्लॉट दाखवतं. अडकलेला थ्रेड वाट बघताना कुठे बसतो, हे ते दाखवत नाही. एसएमटीचा खरा त्रास नेमका तिथे आहे.

आधी चित्राच्या मुळाशी जाऊ. १९९५ मध्ये डीन टल्सन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी एसएमटीवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी वाया जाणाऱ्या स्लॉटचे दोन प्रकार केले. एखाद्या सायकलमध्ये एकही सूचना इश्यू झाली नाही, अख्खी ओळ पांढरी राहिली, तर ती उभी नासाडी. ओळीत काही स्लॉट भरले आणि काही रिकामे राहिले, तर ते रिकामे स्लॉट म्हणजे आडवी नासाडी. ही विभागणी महत्त्वाची, कारण दोन्हींची कारणं वेगळी आहेत. ओळ पूर्ण रिकामी राहते ती खोळंब्यामुळे, म्हणजे स्टॉलमुळे: लोडचा डेटा आला नाही, ब्रँचचा अंदाज चुकला वगैरे. ओळ अर्धी रिकामी राहते ती एकाच थ्रेडमध्ये एका वेळी पुरेशा स्वतंत्र सूचना नसल्यामुळे.

त्यांच्या सिम्युलेशनमध्ये ८ स्लॉटचा सुपरस्केलर एकाच थ्रेडवर सरासरी सुमारे १.५ आयपीसी देत होता, म्हणजे दर सायकलला दीड सूचना. जवळपास ८१ टक्के स्लॉट वाया. त्या नासाडीतला ६१ टक्के भाग उभा होता. आता इथे थांबून एक छोटं गणित करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ८१ टक्क्यांचे ६१ टक्के म्हणजे एकूण स्लॉटपैकी साधारण ४९ टक्के. ही नासाडी अख्ख्या ओळींचीच असते, म्हणून याचा अर्थ असा की जवळपास निम्म्या सायकली पूर्ण रिकाम्या गेल्या. मग १.५ ही सरासरी उरलेल्या ५१ टक्के सायकलींनीच आणली. त्या सायकलींमध्ये दर वेळी साधारण ३ सूचना इश्यू होत होत्या.

आता समजा फाइन-ग्रेन्ड मल्टिथ्रेडिंग इतकं छान चाललं की एकही ओळ पूर्ण रिकामी राहिली नाही. तरी प्रत्येक ओळ एकाच थ्रेडची असते. तो थ्रेड सरासरी ३ सूचना देणार, ८ नाही. म्हणजे कमाल मर्यादा ३ आयपीसीच्या आसपास. निबंधातला मोजलेला आकडा आहे ३.२. एका भागाकारातून आपण त्याच्या जवळ पोचलो. यातून कळतं की फाइन-ग्रेन्ड उभी नासाडी नाहीशी करत नाही, तिचा बराचसा भाग आडव्या नासाडीत बदलतं. रिकामी ओळ भरते, पण ८ पैकी ३ चौकोनच. एसएमटी एकाच ओळीत अनेक थ्रेडच्या सूचना बसवतं, म्हणून तिथे आठ थ्रेडवर ६.३ आयपीसीपर्यंत मजल गेली. निबंधाचा हा मुद्दा आजही पक्का आहे, आणि माझा त्याला विरोध नाही. माझा आक्षेप त्यातून पुढे काढल्या गेलेल्या क्रमवारीला आहे.

क्रमवारी तपासायची तर खोळंबा किती सायकलींचा आहे, हे आधी विचारावं लागतं.

कोर्स-ग्रेन्डपासून सुरुवात करू. इथे एक थ्रेड चालतो, मोठा खोळंबा आला की हार्डवेअर दुसऱ्यावर उडी मारतं. उडी फुकट नसते. पाइपलाइनमध्ये शिरलेल्या पहिल्या थ्रेडच्या सूचना टाकून द्याव्या लागतात आणि दुसऱ्याच्या भराव्या लागतात. एमआयटीच्या अलेवाइफ यंत्रात वापरलेल्या स्पार्कल प्रोसेसरमध्ये या अदलाबदलीला १४ सायकली लागत. हाच आकडा धरून बघा. खोळंबा ५ सायकलींचा असेल तर उडी मारून तुम्ही ५ वाचवण्यासाठी १४ घालवता. खोळंबा १४ चा असेल तर ना नफा ना तोटा. २०० चा असेल तर १८६ सायकली दुसऱ्या थ्रेडच्या कामी येतात. म्हणून कोर्स-ग्रेन्ड फक्त लांब खोळंबा लपवतं. लहान खोळंब्यावर त्याने उडी मारली तर नुकसान, नाही मारली तर खोळंबा जसाच्या तसा. पण त्याचा एक गुण लक्षात ठेवा: अडकलेला थ्रेड पाइपलाइन पूर्ण मोकळी करून बाहेर जातो. मागे काही ठेवत नाही.

फाइन-ग्रेन्डमध्ये दर सायकलला थ्रेड बदलतो आणि जो अडकलाय त्याला वगळलं जातं. २००५ मध्ये आलेला सनचा नायगारा प्रोसेसर याचं स्वच्छ उदाहरण आहे: आठ कोअर, प्रत्येकात चार थ्रेड, सहा टप्प्यांची पाइपलाइन, दर सायकलला एकच सूचना. चारही थ्रेड चालू असतील तर एका थ्रेडची पाळी चार सायकलींनी येते. तेवढ्यात लहान लोडचा डेटा येऊन पोचलेला असतो. म्हणजे लहान खोळंबा नुसत्या पाळीच्या अंतरात मुरून जातो. आणि एका वेळी एकच सूचना इश्यू करणाऱ्या यंत्रात आडवी नासाडी मुळातच नसते! तिथे एसएमटीला भरायला काही उरतच नाही. 'एसएमटी सगळ्यात उत्तम' हे वाक्य कोअर रुंद आहे असं गृहीत धरतं, आणि तो भाग विद्यार्थ्यांच्या वहीत उतरत नाही.

लांब खोळंब्यासाठी फाइन-ग्रेन्डला थ्रेडची संख्या लागते. समजा प्रत्येक थ्रेड ५० सायकलींचं काम करतो आणि मग मेमरीसाठी २०० सायकली थांबतो. एका थ्रेडचा पूर्ण फेरा २५० चा, त्यातलं काम ५० चं, म्हणजे पाचवा भाग. कोअर पूर्ण भरायला किमान पाच थ्रेड हवेत. चारच असतील तर कोअर जास्तीत जास्त ८० टक्के भरेल. टेरा एमटीएने हेच तत्त्व टोकाला नेलं: डेटा कॅश नाहीच, त्याऐवजी प्रत्येक प्रोसेसरमध्ये १२८ थ्रेडची सोय. इथेही तोच गुण आहे. नायगारात प्रत्येक थ्रेडला स्वतःचा इन्स्ट्रक्शन बफर असतो. अडकलेला थ्रेड आपल्या बफरमध्ये थांबतो, दुसऱ्याची जागा अडवत नाही.

आता एसएमटी. चित्रातला शेवटचा पट्टा पुन्हा बघा. लाल थ्रेड अडकला की त्याचे चौकोन दिसेनासे होतात आणि बाकीचे रंग ती जागा घेतात. पण हे होण्यासाठी बाकीच्या थ्रेडच्या सूचना इश्यू क्यूमध्ये हजर असायला हव्यात. आउट-ऑफ-ऑर्डर एसएमटीमध्ये ही क्यू सगळ्यांची मिळून एक असते. अडकलेल्या थ्रेडच्या सूचना इश्यू होत नाहीत, म्हणून चित्रात दिसत नाहीत. क्यूमध्ये मात्र त्या बसून असतात. खानावळीत पोळ्या यायच्या आहेत म्हणून एक मोठा घोळका सगळी टेबलं अडवून बसला, तर नुसता भात हवा असलेला माणूस दारातच उभा राहतो आणि आचारी रिकामा बसतो. तसंच हे.

आकडे घालून बघू. हे आकडे मी गणितासाठी धरलेत, कुठल्या विशिष्ट चिपचे नाहीत. ६४ जागांची सामायिक क्यू, दर सायकलला ४ सूचना आत येतात, दोन थ्रेडना दोन-दोन. बाकीच्या रांगा पुरेशा मोठ्या आहेत असं समजू. थ्रेड अ चा एक लोड मेमरीपर्यंत गेला, २०० सायकली लागणार. थ्रेड ब ला मेमरीशी देणंघेणं नाही, तो मजेत २ आयपीसीने चाललाय. अ च्या येणाऱ्या दोन सूचनांपैकी एक त्या लोडवर अवलंबून आहे असं धरा. स्वतंत्र असलेली निघून जाते, अवलंबून असलेली क्यूमध्ये बसते. म्हणजे दर सायकलला एक जागा कायमची जाते.

लोड अडकला तेव्हा अ च्या ८ सूचना आधीच तिथे अडकल्या असतील, तर उरलेल्या ५६ जागा भरायला साधारण ५६ सायकली लागतील. शेवटी शेवटी वेग थोडा मंदावेल, पण शेवट तोच. क्यूमध्ये ब ला जागाच नाही. लोड परत यायला अजून १४४ सायकली आहेत, आणि त्या सगळ्या ओळी पांढऱ्या! एका थ्रेडचा खोळंबा दोघांचा झाला.

हिशेब मांडा. या २०० सायकलींत ब ने जास्तीत जास्त ५६ गुणिले २, म्हणजे ११२ सूचना पूर्ण केल्या. अ च्या स्वतंत्र सूचना धरल्या तरी अजून ५६, एकूण १६८. आता याच कोअरवर कोर्स-ग्रेन्ड असतं, तेही स्पार्कलसारखी १४ सायकलींची महागडी उडी मारणारं, तर? १८६ गुणिले २, म्हणजे ३७२. चित्रात एसएमटीच्या मागे असलेलं तंत्र इथे एसएमटीच्या दुप्पट काम करून गेलं.

तुम्ही म्हणाल, हे दर सायकलला आंधळेपणाने दोन-दोन वाटल्यामुळे झालं. बरोबर आहे. १९९६ मध्ये टल्सन आणि सहकाऱ्यांनीच आयकाउंट नावाचं धोरण मांडलं: ज्या थ्रेडच्या सूचना इश्यूपूर्वीच्या टप्प्यांमध्ये सगळ्यात कमी, त्याला फेच आधी. अ ची गर्दी वाढली की त्याची पाळी मागे जाते. याने पुष्कळ फरक पडतो. पण आयकाउंट गर्दी मोजतं, गर्दीचं कारण बघत नाही. ब चा ब्रँचचा अंदाज चुकला आणि त्याच्या सूचना काढून टाकाव्या लागल्या, किंवा त्याला इन्स्ट्रक्शन कॅश मिस आला, की मधल्या वेळात अ च्या अजून काही सूचना आत शिरतात. आणि आत शिरलेली अवलंबून सूचना लोड येईपर्यंत बाहेर येत नाही. म्हणजे आयकाउंटने गळती मंदावते, बंद होत नाही.

म्हणून २००१ मध्ये टल्सन आणि जेफरी ब्राउन यांनी एसएमटीतल्या लांब लोडवरच वेगळा निबंध लिहिला. त्यांचा उपाय असा: लोड लांब जाणार हे कळलं की त्या थ्रेडच्या पुढच्या सूचना पाइपलाइनमधून काढून टाका, त्याचं फेच थांबवा, आणि डेटा आला की पुन्हा सुरू करा. हे वाचताना ओळखीचं वाटलं ना? लांब खोळंबा ओळखा, थ्रेडला बाहेर काढा, जागा मोकळी करा. हे कोर्स-ग्रेन्डच आहे, एसएमटीच्या पोटात. आयबीएमच्या पॉवर५ मध्येही असाच विचार दिसतो: एखादा थ्रेड प्रमाणाबाहेर जागा अडवतोय असं दिसलं की हार्डवेअर त्याचं डीकोड रोखतं, गरज पडली तर त्याच्या थांबलेल्या सूचना काढून टाकतं. इंटेलने पेंटियम ४ मध्ये वेगळी वाट धरली. रीऑर्डर बफरच्या १२६ जागा दोन थ्रेडमध्ये सरळ ६३-६३ अशा वाटल्या. कोणी किती अडकलं तरी दुसऱ्याचा अर्धा वाटा शाबूत. किंमत म्हणजे दुसरा थ्रेड चालू असेपर्यंत कुणालाच अर्ध्याहून जास्त मिळत नाही, मग तो दुसरा काही करो वा न करो.

थ्रेड बाहेर काढण्याचीही किंमत असते, आणि ती फक्त 'सूचना पुन्हा आणाव्या लागतात' एवढीच नाही. अडकलेल्या लोडच्या मागे अजून दोन स्वतंत्र लोड असतील आणि तेही मेमरीत जाणार असतील, तर सगळे एकदम सुटले असते आणि तिघांचं मिळून २०० सायकलींत भागलं असतं. तुम्ही पहिल्यानंतर थ्रेड साफ केला तर ते एकामागून एक जातात, आणि अ ला जवळपास ६०० सायकली लागू शकतात. स्टिन आयरमन आणि लिव्हन एकहौट यांनी २००७ मध्ये नेमकं हे पकडलं आणि पुढे किती समांतर मिस येणार याचा अंदाज घेऊन मगच फेच थांबवायला सांगितलं. म्हणजे 'एसएमटी लांब खोळंबा लपवतं का?' याचं उत्तर फेचचं धोरण, क्यूची वाटणी आणि थ्रेडचा स्वभाव या तिन्हींवर अवलंबून आहे. चित्रात यातलं एकही नाही.

स्वतःच्या मशीनवर हे बघायचं असेल तर दोन प्रोग्राम पुरेत. अ म्हणजे मोठ्या लिंक्ड लिस्टवर पॉइंटरमागे धावणारा आणि आलेल्या मूल्यावर बरंच गणित करणारा. ब म्हणजे फक्त रजिस्टरमधलं गणित करणारा, मेमरीला हात न लावणारा. ब असा घेण्याचं कारण म्हणजे कॅशवरून होणारी भांडणं बाजूला पडतात. आधी कुठले दोन लॉजिकल सीपीयू एकाच कोअरवर आहेत ते बघा:

```
cat /sys/devices/system/cpu/cpu0/topology/thread_siblings_list
```

समजा उत्तर `0,4` आलं. मग:

```
taskset -c 4 ./A &
perf stat -e cycles,instructions taskset -c 0 ./B
```

हेच तीनदा मोजा: ब एकटा, ब सोबत अ त्याच कोअरवर, आणि ब सोबत अ वेगळ्या कोअरवर. तिसरा आकडा पहिल्याइतकाच आला आणि दुसरा पडला, तर नुकसान कोअरच्या आतल्या वाटणीमुळे आहे. मग अ च्या जागी बहुतेक वेळ झोपणारा प्रोग्राम ठेवून पुन्हा मोजा, म्हणजे मशीनवरच्या इतर गडबडीमुळे किती फरक पडतो ते कळेल.

आकडे लिहिताना एक काळजी घ्या. समजा एकट्याने अ ला ०.३ आणि ब ला २.० आयपीसी मिळत होतं, आणि एकत्र चालवल्यावर ०.२७ आणि ०.९. बेरीज १.१७. दोघांना आळीपाळीने निम्मा-निम्मा वेळ दिला असता तर सरासरी १.१५ आली असती, म्हणजे एसएमटीचा फायदा जवळपास शून्य. पण वेटेड स्पीडअप काढलं, म्हणजे प्रत्येकाचं एकत्रचं आयपीसी भागिले एकट्याचं, आणि त्यांची बेरीज, तर ०.९ अधिक ०.४५, म्हणजे १.३५. लगेच '३५ टक्के सुधारणा' लिहिता येतं! दोन्ही आकडे खरे आहेत. आणि दोन्हींमध्ये ब चा वेग निम्म्याहूनही खाली गेला हे बुडून जातं. म्हणून प्रत्येक थ्रेडचा वेग वेगळा द्या, आणि ज्या निबंधात तो दिलेला नाही तिथे फक्त एकत्रित आकड्यावर विश्वास टाकू नका.

ते चित्र वर्गातून काढून टाकावं असं मी म्हणत नाही. आडवी नासाडी म्हणजे काय, हे त्याच्याइतकं पटकन दुसरं काही समजावत नाही. फक्त प्रत्येक पट्ट्याशेजारी अजून एक पट्टा काढा: अडकलेल्या थ्रेडच्या सूचना त्या सायकलला कुठे बसल्या आहेत. कोर्स-ग्रेन्डमध्ये तो पट्टा रिकामा दिसेल. फाइन-ग्रेन्डमध्ये प्रत्येक रंग आपापल्या बफरमध्ये राहील. एसएमटीमध्ये मात्र एकच रंग हळूहळू सगळी क्यू व्यापताना दिसेल. पुढचा एसएमटीचा निबंध हातात आला की फेचचं धोरण आणि क्यूची वाटणी सांगणारा परिच्छेद आधी शोधा, आलेख नंतर बघा.